पीएचच्या उत्तरात किती आकडे ठेवायचे? संहतीवरून ठरवायची रीत

डिचोलीत मी हायर सेकंडरीच्या मुलांची रसायनाची शिकवणी घेते. टायट्रेशनची जर्नलं तपासायला बसले की दरवर्षी एकाच प्रयोगाखाली चार निरनिराळी उत्तरं दिसतात. एकीने पीएच २.४ लिहिलेला असतो, दुसरीने २.३९, तिसऱ्याने २.३९४, आणि चौथ्याने कॅल्क्युलेटरवर जे उमटलं ते जसंच्या तसं, २.३९४४५१. चौघांचंही गणित बरोबर असतं. "टीचर, मग मार्क कुणाचे कापणार?" असं विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे, कारण या चार उत्तरांपैकी एकच उत्तर त्यांनी ब्युरेटवर जे वाचलं त्याच्याशी प्रामाणिक आहे. ते कोणतं, हे कसं ओळखायचं तेवढंच इथे सांगते.

सार्थ अंक, म्हणजे पुस्तकातले सिग्निफिकंट फिगर्स, मोजायची रीत तुम्हाला अकरावीच्या पहिल्या धड्यापासून माहीत आहे. सुरुवातीची शून्यं धरायची नाहीत, दशांश चिन्हानंतरची शेवटची शून्यं धरायची. ०.००४ मध्ये एक सार्थ अंक, ०.००४० मध्ये दोन, ०.००४०० मध्ये तीन. पीएचला मात्र ही मोजणी जशीच्या तशी लावली की घोटाळा होतो. तिथला नियम असा आहे: संहतीत जितके सार्थ अंक असतील, तितकेच अंक पीएचमध्ये दशांश चिन्हाच्या नंतर ठेवायचे. दशांश चिन्हाच्या आधीचा आकडा या हिशेबात धरायचाच नाही.

म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती ०.००४ मोलर दिली असेल तर पीएच २.४. ०.००४० दिली असेल तर २.४०. ०.००४०० दिली असेल तर २.३९८. कॅल्क्युलेटर तिन्ही वेळा २.३९७९४ हेच दाखवतो. त्याला शेवटच्या शून्यांचा अर्थ कळत नाही, तो आपल्याला कळायला हवा.

दशांशाआधीचा आकडा का सोडायचा

हे लॉगटेबल उघडून पाहिलं की सगळ्यात लवकर समजतं. म्हणून कॅल्क्युलेटर हाताशी असला तरी एकदा मी मुलांना टेबलच उघडायला लावते. ०.००४०३ चा लॉग काढायचा आहे. डावीकडे ४० ची ओळ धरा, ३ चा स्तंभ बघा, तिथे ६०५३ छापलेलं आहे. आता ४०.३ चा लॉग काढा. तीच ओळ, तोच स्तंभ, तेच ६०५३. ४०३०० चा काढा, पुन्हा ६०५३. टेबलाला दशांश चिन्ह कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही. त्याला फक्त ४, ०, ३ हे तीन अंक दिसतात, म्हणजे नेमके सार्थ अंकच. त्यांचा लॉग म्हणजे अपूर्णांश, ज्याला आपण मँटिसा म्हणतो. दशांश चिन्ह कुठे आहे ते सांगायचं काम पूर्णांशाचं, म्हणजे कॅरॅक्टरिस्टिकचं, आणि तो टेबलात नसतोच, आपण बोटावर मोजून लिहितो.

```
log(4.03 × 10^-3) = log(4.03) + log(10^-3)
                  = 0.605 - 3
                  = -2.395
```

यातला ३ हा मोजून आलेला आकडा नाही. मोलरऐवजी मिलिमोलर म्हटलं तर संहती ४.०३ होते, घातांक नाहीसा होतो, पण मोजमाप होतं तितकंच बारीक राहतं. म्हणून तो ३ अचूक धरायचा. मोजमापाची सगळी बारकाई ४.०३ मध्ये आहे, आणि लॉग घेतल्यावर ती ०.६०५ मध्ये जाते. तीन अंकांचे तीन अंक.

इथे एक गोष्ट नजरेतून निसटते. पीएच काढताना ३ मधून ०.६०५ वजा होतात, म्हणून उत्तरात २.३९५ दिसतं आणि टेबलातला ६०५ ओळखू येत नाही. पण दशांशानंतरची जागा तीच राहते. वजाबाकीत अंक बदलले, त्यांची संख्या बदलली नाही.

गेल्या वर्षी साखळीहून येणाऱ्या एका मुलाने विचारलं होतं, की पीएच १०.४ मध्ये तर तीन अंक आहेत, मग त्यावरून संहतीही तीन अंकी का लिहायची नाही? मी त्याला लिहून पाहायला सांगितलं. १०.४ वरून हायड्रोजन आयनांची संहती ३.९८ × १०⁻¹¹ येते असं कॅल्क्युलेटर म्हणतो. पण १०.४ म्हणजे १०.३५ ते १०.४५ यांतलं काहीही. १०.३५ ला संहती ४.५ × १०⁻¹¹, आणि १०.४५ ला ३.५ × १०⁻¹¹. साडेतीन ते साडेचार एवढं मोठं अंतर असताना ३.९८ मधले ९ आणि ८ कोणत्या आधारावर लिहायचे? ४ × १०⁻¹¹ एवढंच म्हणता येतं. एकच सार्थ अंक, कारण पीएचमध्ये दशांशानंतर एकच अंक होता.

एक प्रयोग, पहिल्या रीडिंगपासून

आता तो चार उत्तरांचा प्रयोग घेऊ. हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती सोडियम कार्बोनेटच्या प्रमाणित द्रावणाने काढायची, मग ते आम्ल विरळ करायचं आणि विरळ द्रावणाचा पीएच हिशेबाने काढायचा.

कार्बोनेट ०.०५०० मोलर. पिपेटने १०.० मिलिलिटर शंकूपात्रात घेतलं, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले, ब्युरेटमध्ये आम्ल. पिवळ्याचा रंग नारिंगीकडे झुकला तिथे थांबायचं. गुलाबी झालं म्हणजे पुढे गेलात. तीन वेळा केलं आणि जुळलेलं रीडिंग आलं १२.४ मिलिलिटर.

इथे क्षणभर थांबून ब्युरेटकडे बघा. आपल्याकडच्या ५० मिलिलिटरच्या ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या खुणा असतात. डोळा खुणेच्या पातळीत ठेवला तर दोन खुणांच्या मधला अर्धाही वाचता येतो, पण जर्नलात मुलं बहुतेक ०.१ पर्यंतच लिहितात आणि दोन रीडिंगं ०.१ ने जुळली की समाधान मानतात. तर १२.४ मध्ये तीन सार्थ अंक, आणि शेवटचा ४ थोडा संशयास्पद. पुढच्या हिशेबात कितीही अंक आले तरी यापेक्षा जास्त काही आपल्याजवळ नाही.

एका कार्बोनेटला दोन आम्लं लागतात, म्हणून:

```
M(HCl) = 2 × 0.0500 × 10.0 / 12.4 = 0.0806452
```

कार्बोनेटच्या संहतीत तीन अंक, पिपेटच्या रीडिंगमध्ये तीन, ब्युरेटच्या रीडिंगमध्ये तीन. गुणाकार-भागाकारात सगळ्यात कमी अंक ज्याचे, तितके उत्तरात ठेवायचे, म्हणजे तीन: ०.०८०६ मोलर. सुरुवातीचा २ समीकरणातून आला आहे, तो मोजलेला नाही, त्याला या मोजणीत धरू नका. दरवर्षी दोघे-तिघे तरी तो एक अंकी आकडा समजून उत्तर ०.०८ करून टाकतात.

मग या आम्लातले ५ मिलिलिटर पिपेटने घेऊन १०० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरलं. वीसपट विरळ. पिपेट आणि फ्लास्क दोन्ही एकाच खुणेची, त्यामुळे त्यांची चूक ब्युरेटच्या मानाने लहान; तीन अंक इथेही टिकतात. पण हेच काम बीकरवरच्या खुणा बघून केलंत तर टिकणार नाहीत. बीकरच्या खुणा अंदाजासाठी असतात, त्यात पाच टक्के इकडेतिकडे सहज होतं, आणि मग पीएचमध्ये दशांशानंतरचा दुसरा अंकसुद्धा डळमळतो.

विरळ द्रावणाची संहती ०.००४०३२२६ आली. लिहायची ०.००४०३. आणि पीएच?

इथे मुलं दोन वाटांनी जातात. काही जण लिहिलेला ०.००४०३ पुन्हा कॅल्क्युलेटरमध्ये टाकतात, त्यांना २.३९४६९५ मिळतं, म्हणजे २.३९५. ज्यांनी पडद्यावरचा पूर्ण आकडा तसाच पुढे नेला त्यांना २.३९४४५१ मिळतं, म्हणजे २.३९४. शेवटच्या अंकात एकाचा फरक, आणि तो केवळ मध्येच आकडा छाटल्यामुळे आला. म्हणून पडद्यावरचा आकडा शेवटपर्यंत न छाटता न्यायचा. कागदावर तीन अंक लिहा, पण पुढच्या पायरीत कॅल्क्युलेटरमधलाच आकडा वापरा. लॉगटेबल वापरणाऱ्यांनी एक अंक जास्त ठेवून ०.००४०३२ घ्यावं: ४० च्या ओळीत ३ खाली ६०५३, त्यात मीन डिफरन्समधल्या २ खालचे २ मिळवले की ६०५५, आणि ३ मधून ०.६०५५ गेले की २.३९४५. इथून तीन अंकांवर आणताना शेवटी नेमका ५ येतो आणि वर जायचं की खाली हे टेबल सांगू शकत नाही. कॅल्क्युलेटरचा २.३९४४५१ सांगतो की खाली, म्हणजे २.३९४.

मी २.३९४ ला पूर्ण मार्क देते, २.३९५ लाही कापत नाही. कारण पुढे लिहिते.

तिसरा अंक खरंच टिकतो का, हे कसं तपासायचं

सार्थ अंकांचा नियम म्हणजे चटकन वापरायची फूटपट्टी. तिच्यामागे जे खरं नातं आहे ते एवढंच: संहतीत टक्केवारीने जितकी चूक, तिला १०० ने भागून ०.४३४ ने गुणलं की पीएचमधली चूक मिळते. ०.४३४ हा आकडा लॉगचा पाया १० असल्यामुळे येतो.

आपल्या प्रयोगात १२.४ मध्ये ०.१ ची चूक धरली तर ती ०.८ टक्के होते. म्हणजे ०.००८ × ०.४३४, जवळपास ०.००३५. पीएच २.३९४ आहे आणि तो तीन-चार हजारांशांनी वरखाली असू शकतो. दशांशानंतरचे ३ आणि ९ बऱ्यापैकी पक्के, ४ संशयास्पद. सार्थ अंकांच्या लिखाणात शेवटचा अंक संशयास्पद असतोच, तेच त्याचं काम. म्हणून २.३९४ बरोबर, आणि २.३९५ त्याच पट्ट्यात बसतो. २.३९४४५१ मधले ४५१ मात्र ब्युरेटने कधी पाहिलेच नाहीत. उलट २.३९ लिहिणारी आपण मोजलेलं थोडं टाकून देते, आणि २.४ लिहिणारी बरंच टाकून देते: २.४ म्हणजे २.३५ ते २.४५, संहतीच्या भाषेत सुमारे ०.००३५ ते ०.००४५. एवढ्या रुंद पट्ट्यासाठी ब्युरेट लावायची गरज नव्हती.

काही आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पीएचमध्ये ०.१ चा फरक म्हणजे संहतीत सुमारे २६ टक्के. ०.०१ चा फरक म्हणजे २.३ टक्के. ०.००१ चा म्हणजे पाव टक्क्याहून किंचित कमी. दशांशानंतर तीन अंक लिहिलेला पीएच दिसला की स्वतःला विचारा, माझी संहती एका टक्क्याच्या आत ठाऊक आहे का? नसेल तर तिसरा अंक खोडायचा.

या नात्यामुळे फूटपट्टीची ढिलाईही दिसते. ०.००१० आणि ०.००९८, दोन्हीत दोन सार्थ अंक. पण पहिल्यात शेवटच्या अंकाचा अर्धा म्हणजे ५ टक्के, दुसऱ्यात अर्धा टक्का. पहिल्याचा पीएच ३.०० आणि त्यातली चूक ०.०२, तिथे दुसरा अंकही कसाबसा उभा आहे. दुसऱ्याचा पीएच २.००९ आणि चूक ०.००२, तिथे तिसरा अंक ठेवला तरी खोटं ठरत नाही. परीक्षेत दोन्हीकडे दोनच अंक लिहा, ३.०० आणि २.०१, कारण तिथे नियमच विचारतात. पण स्वतःचा प्रयोग मांडताना ०.४३४ ने गुणून बघा आणि मग ठरवा.

मी शिकत असताना एका प्रात्यक्षिक परीक्षेत माझा अर्धा मार्क कापला गेला होता. उत्तर तीन अंकी संहतीवरून काढलेलं, दशांशानंतर तीन अंक लिहिलेलं. परीक्षकांनी शेवटच्या अंकावर लाल गोल केला आणि म्हणाले, "पीएच नेहमी दोनच दशांशांपर्यंत लिहायचा." तेव्हा मी वाद घातला नाही. अर्धा मार्क गेला त्याचं काही नाही, पण तो गैरसमज मी कितीतरी वर्षं खरा मानून चालले, त्याचं वाईट वाटतं. दोन दशांश ही पीएचची स्वतःची मर्यादा नव्हे. पाठ्यपुस्तकातल्या बहुतेक संहत्या दोन अंकी असतात आणि प्रयोगशाळेतला साधा मीटर दोन दशांश दाखवतो, म्हणून ते सवयीचं झालं आहे इतकंच.

आम्लारीचं गणित आणि तो १४

सोडियम हायड्रॉक्साइड ०.०१२५ मोलर. तीन अंक, म्हणून पीओएच १.९०३. आता १४ मधून वजा करायचे. मुलं १४ ला नेमका पूर्णांक मानून १२.०९७ लिहितात. पण हा १४ वरच्या समीकरणातल्या २ सारखा नाही. तो पाण्याच्या आयनी गुणाकारातून येतो, तो गुणाकार पुस्तकात १.० × १०⁻¹⁴ असा दोन अंकांत दिलेला असतो, म्हणून लिहायचं तर १४.००. बेरीज-वजाबाकीत ज्याचे दशांश कमी त्याच्याएवढे ठेवायचे, म्हणून उत्तर १२.१०. संहती तीन अंकी असली तरी इथे तिसरा अंक १४.०० ने खाल्ला.

आणि त्याहून मोठी गोष्ट ही, की १४.०० हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या प्रयोगशाळेत थर्मामीटर ३० च्या खाली क्वचितच येतो. ३० अंशांना तोच आकडा १३.८३ असतो. मग त्या द्रावणाचा खरा पीएच १३.८३ वजा १.९०, म्हणजे ११.९३. तुम्ही १२.०९७ मधल्या ७ ची काळजी करत बसलात आणि पहिल्या दशांशातच दीडाहून जास्त अंकांची चूक राहिली. गणितात "२५ अंशांना" असं लिहिलेलं असेल तर १४.०० घ्याच. स्वतः बनवलेल्या द्रावणाचा हिशेब करताना आधी तापमान लिहून ठेवा, आम्लारी असेल तर नक्कीच.

दुर्बल आम्लांबद्दल थोडक्यात सांगते. ॲसेटिक आम्लाचा विचरण स्थिरांक १.८ × १०⁻⁵ असा दोन अंकी दिलेला असतो, त्यामुळे आम्ल ०.१०० मोलर असो की ०.१००० मोलर, पीएचमध्ये दोन दशांशांच्या पुढे जायचं नाही. शिवाय वर्गमुळाची सोपी रीत वापरली तर २.८७२ येतं आणि वर्गसमीकरण पूर्ण सोडवलं तर २.८७५. तिसऱ्या दशांशात जो फरक दिसतो तो आम्लाचा नसून रीतीचा आहे.

उलट वाटेने: कागद आणि मीटर

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. भिरंडीची सोलं पाण्यात भिजत घाला आणि त्या पाण्यात पीएच पेपरची पट्टी बुडवा. सोलांचा लाल रंग पट्टीवर चढतो आणि वाचताना फसवतो, म्हणून पाणी बरंच पातळ करून घ्यायचं. मयेच्या एका मुलीने हे केलं, रंग डबीवरच्या ३ शी जुळला, आणि तिने वहीत हायड्रोजन आयनांची संहती १.०० × १०⁻³ मोलर अशी लिहून आणली.

पट्टीवरचा ३ म्हणजे दशांशानंतर एकही अंक नाही. म्हणजे संहतीत एकही सार्थ अंक नाही. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब करून पाहा: ३ म्हणजे २.५ ते ३.५, आणि संहती ०.००३ पासून ०.०००३ पर्यंत कुठेही. दोन टोकांत दहापट फरक. तिथे फक्त दहाचा घात सांगता येतो, "१०⁻³ च्या आसपास", पुढचा १.०० लिहिताच येत नाही. तिने पट्टी चुकीची वाचली नव्हती, पट्टीला जे सांगता येत नाही ते पट्टीच्या तोंडी घातलं होतं.

मीटरच्या बाबतीत पडदा दोन दशांश दाखवतो म्हणून दोन अंक आपले झाले असं समजू नका. खात्री करायची रीत सोपी आहे. ४.०० आणि ७.०० च्या बफरने मीटर लावून घ्या, तुमच्या द्रावणाचं रीडिंग घ्या, मग इलेक्ट्रोड धुऊन पुन्हा ४.०० च्या बफरमध्ये बुडवा. पडदा ४.०१ दाखवत असेल तर दुसरा दशांश लिहायला हरकत नाही. ४.०६ दाखवत असेल तर तो तुमचा नाही, ०.०६ म्हणजे संहतीत जवळजवळ १५ टक्के. अशा दिवशी २.४२ दिसलं तरी २.४ लिहायचं आणि संहती एकाच अंकात, ४ × १०⁻³. वर्षभर खोक्यात पडून सुकलेला इलेक्ट्रोड बहुधा असाच वागतो, आकडा स्थिर व्हायलाही फार वेळ घेतो.

हिशेबाचा २.३९४ आणि मीटरचा २.४२

मीटर अगदी नीट लावलेला असला तरी वरच्या प्रयोगातल्या आम्लात तो २.३९४ दाखवणार नाही, साधारण २.४२ दाखवेल. हे पाहून मुलं आपलं टायट्रेशन चुकलं असं धरून चालतात आणि पुन्हा ब्युरेट भरतात. टायट्रेशन चुकलेलं नसतं. पीएचची आजची व्याख्या संहतीवर नाही, आयनांच्या क्रियाशीलतेवर आहे. द्रावणात आयन एकमेकांना थोडं अडवतात, म्हणून क्रियाशीलता संहतीपेक्षा जरा कमी भरते आणि पीएच जरा जास्त. ०.००४ मोलर आम्लात हा फरक सुमारे ०.०३ असतो. ०.०१ मोलरमध्ये ०.०४ च्या आसपास, आणि ०.१० मोलरमध्ये जवळपास ०.१०: हिशेबाने १.००, मीटरवर १.१०.

सार्थ अंकांचा नियम फक्त मोजमापाची बारकाई पुढे नेतो, वापरलेलं सूत्र त्या द्रावणाला कितपत लागू आहे हे तो सांगत नाही. म्हणून जर्नलात मी दोन्ही आकडे वेगवेगळ्या ओळींवर लिहून घेते, आणि प्रत्येकाशेजारी तो कुठून आला तेही:

```
pH (संहतीवरून, M = 0.00403) = 2.394
pH (मीटर, 30 °C, बफर तपासणी 4.01) = 2.42
```

पहिल्यात तीन दशांश, कारण ब्युरेटने तीन अंक दिले. दुसऱ्यात दोन, कारण बफरची तपासणी दोन अंकांना उतरली. दोघांची सरासरी काढून २.४०७ लिहिणारं जर्नल आलं तर मी ते परत देते.